एकाच ऑर्डरचे दोन नफे

*आमचा खाद्यतेलाचा घाऊक धंदा आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, सीए इंटरचा एक ग्रुप दोनदा राहिला. सप्टेंबर २०२४मध्ये आयात शुल्क वाढलं, तेव्हाचा हिशेब मी तिला सरावाला दिला. सोयाबीनचे १०० डबे १,७००च्या भावाने पडून होते, नवे १०० आले २,१००ने. मग तीन गिऱ्हाइकांना प्रत्येकी ६० डबे २,१५०ने गेले, सगळे भाव जीएसटी सोडून. पहिल्या ऑर्डरवर टॅली १५,००० नफा दाखवतं, हिच्या एक्सेलमध्ये २७,०००! गोदामातून आधी नवेच डबे गेले होते, तरी ही जुना भाव धरते. सेल्समनचं कमिशन याच आकड्यावर ठरतं. जिला डब्यावरचा नफा काढता येत नाही ती सीए काय होणार? बँकेच्या परीक्षांना बसवू का? — एक वडील*

तुमच्या मुलीचा आकडा बरोबर आहे आणि टॅलीचाही बरोबर आहे. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दुकानाचं वहीखातं तुम्ही तिची परीक्षा घ्यायला वापरलंत आणि उत्तर जुळलं नाही म्हणताच निकालही लावून टाकलात. हा आकडा कसा काढलास, एवढं तिला विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. दोनदा ग्रुप राहिलेल्या मुलीला घरातून हे ऐकावं लागत असेल, तर तिचं अभ्यासात लक्ष लागत नाही याचं नवल वाटायला नको.

तिने फिफो लावलं आहे, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरलं आहे. पहिल्या ऑर्डरचे ६० डबे १,७००चे, म्हणून नफा २७,०००. दुसरीत ४० डबे जुने आणि २० नवे, नफा १९,०००. तिसरीत सगळे नवे, नफा फक्त ३,०००. टॅलीत वस्तूच्या नोंदीतली कॉस्टिंग पद्धत कोणी बदलली नाही, तर `Avg. Cost` धरली जाते. दोनशे डब्यांची सरासरी १,९०० येते, म्हणून तिन्ही ऑर्डरवर सारखाच १५,००० नफा दिसतो. तीन ऑर्डर मिळून फिफोने ४९,००० होतात, सरासरीने ४५,०००.

हा ४,०००चा फरक कुठे गेला ते तिला शोधायला सांगा. तो शिल्लक २० डब्यांत आहे. फिफोने त्यांची किंमत ४२,००० धरली जाते, सरासरीने ३८,०००. तेही २,१५०ने विकले गेले की दोन्हीकडे एकूण नफा ५०,००० होतो. सुरुवातीची शिल्लक दोन्हीकडे सारख्याच किमतीने धरली असेल, तर दोन पद्धतींचे रिपोर्ट तपासताना हीच खूण पाहायची: नफ्यातला फरक आणि शिल्लक मालाच्या किमतीतला फरक सारखा आला, तर फरक पद्धतीचा आहे. नाही आला, तर कुठेतरी नोंद चुकली आहे.

आता गोदामातून आधी कोणते डबे गेले हा तुमचा मुद्दा. हा गैरसमज धंद्यात मुरलेल्या लोकांमध्येही खूप दिसतो. फिफो ही किंमत धरायची पद्धत आहे. हमालाने कोणती थप्पी आधी उचलली याच्याशी तिचा संबंध नाही. एकाच ब्रँडचे, एकाच वजनाचे डबे एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे अमुक डबा अमुक भावाचा असा माग ठेवणं तिथे अपेक्षित नसतं. विशिष्ट नगाची स्वतःची किंमत धरायची ती एकमेकांच्या जागी न चालणाऱ्या मालाला किंवा ठरावीक कामासाठी वेगळा काढून ठेवलेल्या मालाला. डब्यांना तसं करायची मुभा दिली, तर नफा वाढवायचा असेल तेव्हा जुना डबा दाखवता येईल आणि कमी करायचा असेल तेव्हा नवा. लेखामानक २ म्हणूनच अशा मालाला फिफो किंवा भारित सरासरी सांगतं. आयसीडीएस २ हे प्राप्तिकराचं हिशेबाचं मानक या दोन्ही पद्धती मान्य करतं, पण एकदा धरलेली पद्धत वाजवी कारणाशिवाय बदलू देत नाही.

सरासरीही एकाच प्रकारची नसते. पहिली ऑर्डर नवा माल यायच्या आधी गेली असती, तर फिरत्या, म्हणजे दर खरेदीनंतर नव्याने काढलेल्या सरासरीने तिची किंमत १,७००च राहिली असती आणि नफा २७,०००. महिनाअखेरीला सगळ्या मालाची मिळून सरासरी काढली, तर नंतर आलेल्या महाग मालामुळे त्याच ऑर्डरचा नफा १५,०००वर येतो. माल पोचलेला, पैसे जमा झालेले, तरी आकडा मागाहून बदलतो. ऑर्डरवार रिपोर्ट छापताना वर पद्धत आणि कालावधी लिहायचा तो यासाठी.

कमिशनबद्दल मात्र मी स्पष्ट सांगते: या दोन्हींपैकी कुठल्याही आकड्यावर ते देऊ नका. तिन्ही ऑर्डर सारख्याच मालाच्या, सारख्याच भावाच्या. फिफोवर कमिशन दिलंत, तर पहिली ऑर्डर आणणाऱ्याला तिसरी आणणाऱ्याच्या नऊपट मिळेल, कारण एवढंच की त्याचा नंबर आधी लागला. सरासरीने तिघांना समान मिळेल, पण भाववाढीतला वाटाही त्यांना जाईल. त्या दिवशी तोच डबा पुन्हा भरायला २,१०० पडत होते, म्हणजे विक्रीतून मिळाले डब्यामागे ५०, ऑर्डरमागे ३,०००. पहिल्या ऑर्डरच्या २७,०००मधले उरलेले २४,००० शुल्कवाढीचे आहेत. १४ सप्टेंबर २०२४पासून कच्च्या सोयाबीन तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झालं, त्यामुळे तेलाचा भाव वाढला आणि तुमच्याकडे आधीचा माल होता. तो नफा माल भरणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. उलटही होतं. मे २०२५च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं. अशा वेळी महाग माल शिल्लक असेल, तर फिफोत पहिल्याच ऑर्डरवर तोटा दिसतो आणि बिचाऱ्या सेल्समनला बोलणी बसतात.

तेव्हा मुलीला रिपोर्टमध्ये आणखी एक रकाना घालू द्या: विक्रीच्या दिवशीच्या खरेदीभावाने नफा. कमिशन आणि गिऱ्हाइकाला द्यायचा भाव त्यावरून ठरवा. खातेवहीला टॅलीतली पद्धत चालू आहे तीच राहू दे. तिचा आकडा मोठा दिसतो म्हणून फिफोकडे वळू नका.

परीक्षांचं थोडक्यात. बँकेचा रस्ता चांगला आहे, पण तिथली तयारी वेगळी आणि ती तिला हवी असेल तरच. सीएचा राहिलेला ग्रुप पुन्हा देता येतो. मी या घरात विचार करेन तो सीएमएचा, कारण मालाची किंमत धरणं आणि नफा कुठून आला ते उलगडणं हा तिथल्या अभ्यासाचा गाभाच आहे. कोणी सांगितलं नसताना तिने मालाला पद्धत लावली आणि तीनही ऑर्डरना ती बरोबर चालवली, यात मला तिचा कल दिसतो. ग्रुप का राहिला हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही वेळच्या गुणपत्रिका लागतील, विषयवार. त्या घेऊन ती एकटी मला भेटली तर बरं होईल. तुम्ही नंतर या.