महामृत्युंजय मंत्रातली काकडी

प्रश्न: ‘उर्वारुकमिव’ म्हणजे ‘काकडीसारखा’ असं अर्थाच्या पुस्तकात दिलंय. बाबांसाठी रोज हा जप करतेय, पण इतक्या गंभीर मंत्रात काकडी कशाला, तेच कळत नाही. यात आणखी काही अर्थ आहे का?

आहे. आधी ती काकडी जेवणाच्या ताटातून बाहेर काढू या. आपण कोशिंबिरीला घेतो ती काकडी कोवळी असते, चाकूने किंवा हिसडा देऊन तोडलेली. मंत्रातलं उर्वारुक हे वेलीवर पूर्ण पिकू दिलेलं फळ आहे. शब्द काकडीच्या कुळातल्या फळाचा आहे. पण डोळ्यांपुढे चिबूड किंवा खरबूज आणलंत तर मंत्र लवकर उलगडेल.

आमच्या कोकणातल्या घरी परसात चिबडाचा वेल असायचा. पावसाबरोबर बी टाकायचं, गणपतीच्या आसपास फळ धरायचं. लहानपणी मी एकदा घाईने एक चिबूड ओढला. देठ सुटला नाही, वेलच फाटत आली, आणि फळ आतून पांढरं, कडक, बेचव निघालं. आजीने दुसऱ्या फळाचा देठ दाखवला. जिथे तो फळाला चिकटतो तिथे गोल, बारीक भेग पडायला लागली होती. “ही पुरती फिरली की हात लावायचा,” म्हणाली. दोन दिवसांनी पहाटे परसात वास सुटला होता. मी फळाखाली हात घातला आणि ते हातात आलं. ओढावं लागलं नाही. फळ पिकताना देठाच्या सांध्यातल्या पेशी आपोआप सैल होतात आणि फळ तिथून निसटतं. कोवळ्या फळात हे होत नाही, म्हणून ते तोडावं लागतं.

आता मंत्राचा दुसरा अर्धा भाग पाहा: उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय माऽमृतात्. ‘बन्धन’ म्हटलं की आपल्याला बेड्या दिसतात. इथे बन्धन म्हणजे देठ, जिथे फळ वेलीला बांधलेलं असतं ती जागा. बन्धनात् आणि मृत्योः या दोन्ही पंचमी आहेत: फळ देठापासून, मी मृत्यूपासून. म्हणजे उपमेत मृत्यूची जागा देठाला दिली आहे. आणि देठ काही फळाचा शत्रू नसतो, त्याच्यातूनच रस येतो, फळ वाढतं त्याच्याच जोरावर. मर्त्य असणं हे आपल्याला बाहेरून घातलेलं कुलूप नाही, आपण त्याच्यावरच पोसलेलो आहोत, असं मला यात दिसतं. पहिल्या ओळीतले ‘सुगन्धिं पुष्टिवर्धनम्’ हे शब्द त्र्यंबकाची विशेषणं आहेत, तो सुगंधी आणि पुष्टी वाढवणारा. पण वास आणि भरलेपण याच तर फळ पिकल्याच्या खुणा. हा जोड भाष्यातला नाही, माझा आहे. त्या पहाटेच्या वासामुळे तो मला सोडवत नाही.

‘मुक्षीय’ हे क्रियापदही नीट पाहण्यासारखं आहे. पुस्तकांत बहुधा ‘आम्हाला मृत्यूतून सोडव’ असं भाषांतर असतं. मूळ रूप प्रथमपुरुषी एकवचनी आणि आत्मनेपदी आहे: ‘मी सुटावं’. पूजा ‘यजामहे’, आपण सगळे मिळून करतो. सुटायचं मात्र एकेकट्याने. कुणी येऊन खुडून न्यावं असं मागणं त्यात नाही.

शेवटचा शब्द म्हणताना एक चूक सर्रास होते. ‘मामृतात्’ एका दमात म्हटलं की ‘माम्’, म्हणजे ‘मला’, असं ऐकू येतं, आणि मग ‘मला अमृतात ने’ असा अर्थ लावला जातो. फोड आहे मा + अमृतात्: ‘अमृतापासून मात्र नको’. मृत्यूपासून सुटावं, अमृतापासून सुटू नये. म्हणून नीट छापलेल्या पोथीत मधे ऽ हे अवग्रहाचं चिन्ह असतं. तुमच्या पोथीत नसेल तर पेन्सिलीने घाला.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा थर सांगतो. ही ऋचा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, ५९व्या सूक्ताच्या अगदी शेवटी येते. शाकल्य या प्राचीन पंडिताने ऋग्वेदाचा पदपाठ, म्हणजे संधी सोडवून शब्द सुटे केलेला पाठ, तयार केला तेव्हा ज्या मोजक्या सहा ऋचांची पदं त्याने दिली नाहीत, त्यांत ही एक. म्हणून अभ्यासक ती तिथे मागाहून आली असं मानतात. तिचं वापरातलं घर यजुर्वेदात आहे, दर चार महिन्यांनी होणाऱ्या चातुर्मास्य यज्ञांमधल्या साकमेध नावाच्या पर्वातल्या त्र्यंबक होमात. घरात जितकी माणसं तितके पुरोडाश, म्हणजे भाजलेल्या पिठाचे गोळे, आणि वर एक जास्त. ते घेऊन चव्हाट्यावर जायचं, रुद्राला त्याची बहीण अंबिका हिच्यासह भाग द्यायचा आणि हा मंत्र म्हणत अग्नीभोवती फिरायचं. शेवटी उरलेले गोळे टोपल्यांत घालून टांगायचे आणि रुद्राला सांगायचं की ही तुझी शिदोरी, आता मूजवत पर्वताच्या पलीकडे जा.

या फेऱ्यांत घरातल्या कुमारिकाही असत, आणि त्यांच्यासाठी मंत्र बदलत असे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तिसऱ्या अध्यायात हे दोन्ही पाठ एकाच जागी आहेत. मुलींचा पाठ असा: त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम् । उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः ॥ ‘पुष्टिवर्धन’च्या जागी ‘पतिवेदन’, म्हणजे पती मिळवून देणारा. आणि मृत्यू-अमृताच्या जागी ‘इतः’ आणि ‘अमुतः’: इथून सुटावं, तिथून नको. यज्ञविधींचा अर्थ सांगणारा शतपथ ब्राह्मण हा ग्रंथ स्पष्टच सांगतो, ‘इथून’ म्हणजे नातलगांकडून, ‘तिथून’ म्हणजे पतीकडून. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तातही हीच उपमा नवरीसाठी येते: पिकलेलं फळ देठापासून सुटावं तशी मी हिला इथून सोडवतो, तिथून नाही, तिथे तर चांगली बांधतो.

म्हणजे जो देठ एका पाठात मृत्यू आहे, तोच दुसऱ्या पाठात माहेर आहे. ज्या घराने वाढवलं, त्याच घरातून वेळ झाल्यावर, वेल न फाटता, सुटायचं. माझ्या बहिणीच्या पाठवणीला आई तिचा हात सोडत नव्हती, तेव्हा मला पहिल्यांदा या ओळीचा अर्थ पोटातून कळला.

आजाऱ्याच्या उशाशी हा जप ‘मरण टळू दे’ म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो करायला काहीच हरकत नाही. अकाली मृत्यू येऊ नये हे मागणं उपमेतच आहे, कारण कच्चं फळ सुटतच नाही, तोडावं लागतं. माझे वडील शेवटचे तीन आठवडे अंथरुणावर होते तेव्हा मी रोज संध्याकाळी म्हणत होतो. पहिल्या आठवड्यात मनात ‘मा अमृतात्’ होतं. शेवटच्या आठवड्यात ‘उर्वारुकमिव’वर येऊन थांबायचो आणि त्यांचा हात हातात घेऊन बसायचो, घट्ट न धरता.