दिवाळीची विक्री ऑक्टोबरच्या खात्यात टाकू नका

प्रश्न: सांगलीत आमचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे. तीन वर्षांची विक्री काढली, ऑक्टोबरची सरासरी 11.2 लाख येते आणि नोव्हेंबरची 7.5. एरवी महिन्याला सहाच्या आसपास. यंदा सप्टेंबरअखेर 4 लाख कर्ज काढून माल भरावा आणि दोन कारागीर कायमचे ठेवावेत का?

दोन्ही नको.

तुमचे सुटे आकडे बघा. 2024 आणि 2025 चा ऑक्टोबर 13 लाखांच्या वर आहे, पण 2023 चा जेमतेम 7.1 आणि त्याचा नोव्हेंबर 12. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, गेल्या वर्षी 21 ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे हे वर्ष 2023 सारखं जाणार. तुमची 11.2 ची सरासरी कुठल्याच वर्षी खरी ठरलेली नाही.

म्हणून महिने बाजूला ठेवा आणि बिलबुकातून दसरा ते लक्ष्मीपूजन हा एक गठ्ठा काढा. तो दरवर्षी साधारण वीस-एकवीस दिवसांचाच असतो. गणपतीचे दिवस तसेच वेगळे काढा. उरलेल्या दिवसांचीच महिनावार सरासरी धरा, आणि रुपयांबरोबर किलोही लिहा. भाव वाढला की विक्री वाढल्यासारखी वाटते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये अधिक श्रावणाच्या वाणाचे अनारसे आहेत, ते या सरासरीत घेऊ नका. आणि ज्या दिवशी चकली दुपारीच संपली, तिथे खूण करा. त्या दिवशीचा आकडा तुमच्या मालाचा आहे, मागणीचा नाही.

आता हे गठ्ठे यंदाच्या पंचांगावर ठेवा. दसरा 20 ऑक्टोबरला आहे. सप्टेंबरअखेर भरलेलं बेसन दिवाळीपर्यंत सहा आठवडे पडून राहील, त्यात किडे होऊ शकतात. व्यापारी 30 दिवसांची उधारी देत असेल तर त्याचं बिलही ऑक्टोबरअखेर, खरी विक्री सुरू होण्याआधीच, दारात येईल. बेसन, पोहे, तेल 10 ऑक्टोबरनंतर घ्या; खवा मात्र रोजच्या रोज. मग त्याच उधारीवर बराचसा माल निघतो. कमी पडलं तर बँकेकडे कॅश क्रेडिट मागा, व्याज वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. मुदतकर्जाचा हप्ता मात्र फेब्रुवारीतही, दुकान थंड असतानाही, भरावा लागतो.

कारागिरांचं गणित सोपं आहे. 18 हजारांनी दोघं वर्षभर ठेवले तर 4.32 लाख. शंभर रुपयांच्या विक्रीत तुमच्या हातात 25 राहतात असं धरलं, तर निव्वळ त्यांच्या पगारासाठी 17 लाखांहून जास्त जादा विक्री हवी. तेच दोघं दीड महिना 24 हजारांनी घेतले तर 72 हजार. फक्त त्यांच्याशी बोलणी गणपतीतच करून ठेवा, दसऱ्याला चांगला हात मोकळा सापडत नाही.