प्लंबरची जाहिरात ग्रुपवर कशी टाकावी?

"माझे मिस्टर धायरीत प्लंबर आहेत. मी त्यांची जाहिरात तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि सिंहगड रोडच्या दोन फेसबुक ग्रुपवर टाकली. एका सोसायटीने मला काढून टाकलं, फेसबुकवर एक पोस्ट रिजेक्ट झाली, एक चार दिवस पेंडिंगच आहे. मजकूर असा होता: 'प्लंबिंगची सर्व कामे खात्रीशीर व माफक दरात. २४ तास सेवा. एकदा संधी द्या. संपर्क...' यात स्पॅम काय आहे?"

ताई, मी आमच्या एरियाच्या फेसबुक ग्रुपची सहा वर्षं ॲडमिन आहे त्यामुळे अशा पोस्ट रोज माझ्यासमोर येतात, तर आमच्या बाजूने ते कसं दिसतं ते आधी सांगते. पेंडिंगमध्ये पोस्ट आली की मी मजकुराआधी टाकणारा कोण आहे ते बघते. ग्रुपमध्ये परवाच आलाय का, आल्यापासून कुणाला एका शब्दाचं उत्तर दिलंय का, आणि हाच मजकूर शेजारच्या ग्रुपवर जसाच्या तसा आहे का. आम्ही दोन-तीन ग्रुपचे ॲडमिन एकमेकांना ओळखतो, सारखा मजकूर लगेच कळतो. तुमच्या मजकुरात खोटं काही नाहीये, पण त्यात प्लंबिंगच्या जागी पेस्ट कंट्रोल किंवा सोफा क्लीनिंग लिहिलं तरी तो तसाच चालतो. म्हणून तो स्पॅम वाटतो.

चार दिवस पेंडिंग आहे ती पोस्ट परत टाकू नका, दुसरी टाकली की दोन्ही रांगेत दिसतात आणि दोन्ही जातात. त्या ग्रुपच्या माहितीच्या पानावर नियम असतात ते वाचा. काही ठिकाणी जाहिरातीला ठराविक वार असतो, काही ठिकाणी ॲडमिन दर आठवड्याला एक पोस्ट टाकतात आणि व्यवसायवाल्यांनी फक्त तिच्याखाली कमेंट करायची असते, तसं असेल तर वेगळी पोस्ट कितीही चांगली लिहिली तरी उडणारच. नियमात काहीच स्पष्ट नसेल तर ॲडमिनला दोन ओळींचा मेसेज करून विचारा. मला असं कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा हो म्हणते आणि नाव लक्षातही राहतं. आणि पोस्टमध्ये लिंक टाकू नका, लिंक असली की पोस्ट आपोआप नाकारली जाईल असं सेटिंग बऱ्याच जणांनी लावलेलं असतं. नुसता नंबर लिहा, तोही घरचा नको, कामासाठी वेगळं सिम घ्या, कारण पब्लिक ग्रुपवरचा नंबर कुणालाही दिसतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं मात्र वेगळं आहे. तुम्ही जिथे राहत नाही तिथल्या ग्रुपवर स्वतः जाहिरात टाकूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो ग्रुप पाण्याच्या टँकरचा, पार्किंगचा, मेंटेनन्सचा असतो, आणि बाहेरच्या माणसाकडे सगळ्यांचे नंबर आहेत हेच लोकांना खटकतं, पुढचा मजकूर वाचलाही जात नाही. तिथे रहिवाशाच्या तोंडूनच नाव गेलं पाहिजे. काम झालं, ग्राहक खूश आहे, पैसे दिले, तेव्हा मिस्टरांनी एवढंच म्हणायचं, "काका, ग्रुपवर कुणी प्लंबर विचारला तर माझा नंबर द्याल का?" बस. मेसेज लिहून देऊन "हा पुढे पाठवा" असं सांगू नका. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण येते, आणि तो पाच हातांतून फिरून आला की दुहेरी बाण लागून 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं दिसतं, मग लोक न वाचता पुढे जातात. रहिवाशाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली मोडकीतोडकी ओळ त्यापेक्षा कितीतरी चांगली.

आता फेसबुकची पोस्ट. मी तुमच्या जागी असते तर अशी लिहिली असती (दर आणि वेळा तुमच्या खऱ्या घाला):

"नमस्कार, मी धायरीत राहते. माझे मिस्टर प्लंबर आहेत, धायरी, नऱ्हे, वडगाव आणि आनंदनगर एवढ्याच भागात काम करतात. नळ गळणं, फ्लश टँक, बेसिनखालचा पाइप, गीझरचं कनेक्शन, टाकीचा बॉल व्हॉल्व ही कामं. येऊन बघायचे २०० रुपये, काम केलं तर ते मजुरीत धरतो, सामान बिलाप्रमाणे. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, रविवारी बंद. संपर्क... भिंत फोडून करायची मोठी लाइन आणि वॉटरप्रूफिंग करत नाही. ॲडमिनची परवानगी घेऊन पोस्ट टाकली आहे."

यात "माझे मिस्टर" हे शब्द आहेत तसेच ठेवा. आमच्याकडे एकदा एका बाईंनी अनोळखी ग्राहक असल्यासारखं एका प्लंबरचं कौतुक लिहिलं, खाली आणखी दोघांनी "बेस्ट माणूस" लिहिलं, आणि तिघंही एकाच घरातली निघाली. काम कदाचित चांगलंच असेल, पण मला पोस्ट काढावी लागली आणि त्या माणसाचं नाव पुन्हा निघालं की लोक तेच आठवतात. नातं सांगितलं की त्यात लपवण्यासारखं काही राहत नाही. "करत नाही" ही ओळही काढू नका, नुसतं "सर्व कामे" लिहिलं की वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन येतात, नाही म्हणावं लागतं, आणि तेच लोक खाली येऊन "फोन केला, आले नाहीत" असं लिहितात. २४ तास पण तेव्हाच लिहा जेव्हा रात्री दोनला खरंच फोन उचलणार असाल.

फोटो एकच टाका, स्वतःच्या कामाचा. गळणारा जुना कॉक आणि बदललेला नवीन असा. ग्राहकाचं घर, दारावरची पाटी, माणसं त्यात नकोत, आणि फोटोसाठीही त्यांना विचारून घ्या.

पोस्ट मंजूर झाल्यावर पहिला दिवस फोन जवळ ठेवा. कुणी "रेट?" विचारलं तर "इनबॉक्स केलं" लिहू नका, रेट तिथेच लिहा, कारण तोच प्रश्न मनात असलेले बाकीचे लोकही वाचत असतात. पोस्ट वर यावी म्हणून स्वतःच "अप" वगैरे कमेंट करणं बऱ्याच ग्रुपमध्ये नियमाबाहेर आहे. महिन्यातून एकापेक्षा जास्त पोस्ट मी तरी टाकणार नाही, नियमात परवानगी असली तरी.

मधल्या दिवसांत ग्रुपच्या सर्चमध्ये 'प्लंबर', 'लिकेज', 'फ्लश' टाकून बघत जा. आज-कालची पोस्ट असेल तरच उत्तर द्या, सहा महिन्यांपूर्वीच्या पोस्टखाली नंबर टाकला की ते मुद्दाम उकरून काढल्यासारखं दिसतं. आणि उत्तरात आधी प्रश्नाचं उत्तर येऊ द्या. समजा कुणी लिहिलं की टाकी लवकर रिकामी होतेय, गळती कुठे दिसत नाही. तिथे लिहायचं की फ्लश टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, रंग कमोडमध्ये उतरला तर आतलं सील किंवा वॉशर गेलंय, किंवा फ्लश टँकचा बॉल व्हॉल्व नीट बंद होत नसल्याने पाणी ओव्हरफ्लोमधून जातंय, नाही उतरला तर गळती दुसरीकडे कुठेतरी आहे. एवढं सांगून शेवटी "मिस्टर हेच काम करतात, लागलं तर सांगा". नंबर त्यांनी मागितला की द्या. आमच्या ग्रुपवर अशा कमेंटबद्दल कुणीही तक्रार केलेली मला आठवत नाही.

शिकवणीची जाहिरात करणारेही हा धागा वाचत असतील तर त्यांनी प्लंबरच्या कामांच्या जागी बोर्ड, माध्यम, इयत्ता, विषय आणि शिकवायला तुम्ही जाणार की मुलाने यायचं एवढं लिहावं, आणि "मार्कांची खात्री" हे शब्द गाळावेत, त्यावर मी स्वतः पोस्ट थांबवते.

ज्या सोसायटीने काढलं त्यांच्या सेक्रेटरींना एकदा "न विचारता टाकलं, चुकलं" असं कळवा, परत ग्रुपमध्ये घ्या म्हणू नका. बऱ्याच सोसायट्यांच्या ऑफिसात किंवा वॉचमनकडे कामवाल्यांच्या नंबरची वही असते, तिच्यात नाव लिहून घ्याल का एवढंच विचारा.