आजीला 'तू', पण तात्याकाकांना 'तुम्ही'

"आई, आजी सगळ्यांत मोठी असून तिला 'तू' म्हणायचं आणि तात्याकाकांना 'तुम्ही', असं का? आणि गुहागरला गेल्यावर सगळ्यांनाच वाकून नमस्कार करायचा का?"

प्रिय मनू,

हे वयावर ठरत नाही, त्या घरात कोणाशी कशी जवळीक आहे त्यावर ठरतं. आई, आजी, आत्या, मावशी, मामा यांना बहुतेक घरांत 'ए' आणि 'तू'. आजोबांना, वडलांच्या भावांना 'अहो' आणि 'तुम्ही'. काही घरांत बाबांनाही 'अहो बाबा' म्हणतात, आपल्याकडे नाही. काकूचं मात्र घरागणिक बदलतं. तुझी चुलत भावंडं काय म्हणतात ते ऐक आणि तेच म्हण.

तुझी खरी अडचण 'तुम्ही' म्हणण्याची नाही, पुढच्या क्रियापदाची आहे. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "तात्याकाका, तुम्ही जेवलास?" ते हसले, पण 'तुम्ही' म्हटलं की 'जेवलात' हवं, 'आलात', 'काय आणलंत' हवं. पाठीमागे बोलतानाही तेच. "तात्याकाका बाजारात गेला" म्हणालीस तर सगळी ओटी तुझ्याकडे वळून बघेल, 'गेले' म्हण. आजीबद्दल मात्र "आजी देवळात गेली" असंच म्हणतो, त्यात काही कमीपणा नाही.

नुसतं 'काका' अशी हाक मारू नकोस. गणपतीला पडवीत चार काका बसलेले असतात, चौघंही मान वर करतील. तात्याकाका, भाऊकाका अशी पूर्ण हाक मार. आणि तुझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा आहे ना, तो बाबांचा चुलतभाऊ, तोही नात्याने काकाच. हाक 'काका', बोलणं 'तू'. त्याला वाकून नमस्कार करायला गेलीस तर तोच पळून जाईल.

नमस्काराचं म्हणशील तर आधी खळ्यात पाय धू, मग देवाला, मग आजीला, मग वयाने मोठ्या असलेल्यांना. आजी आडवी झाली असेल तर थांब. झोपलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत. जेवत असलेल्यालाही करत नाहीत. त्या वेळी नुसतं "आजी, आम्ही आलो" पुरतं. उठून बसली की कर. तुझे हात पावलांना लागले की ती डोक्यावर हात ठेवून "मोठी हो" म्हणेल. लगेच उभी राहू नकोस, तेवढं ऐकून घे.

नारळ काढायला येतात त्या आजोबांना तिथले काही जण अरेतुरे करतात. मला ते पटत नाही. तू त्यांना 'तुम्ही' म्हण, कोणी हसलं तरी.

रविवारी तात्याकाकांचा फोन येईल तेव्हा विचार, "तुम्ही कसे आहात? गुडघा दुखायचा थांबला का?" गुडघ्यावर ते बराच वेळ बोलतील, तयारी ठेव.

तुझी,
आई