एकाच फोटोच्या चार कॉप्या, जुनी कुठली?

मासुंदा तलावाचा एकच फोटो चार ग्रुपवर चार प्रकारचा आलाय, ओरिजिनलच्या जवळचा कुठला?

आधी कडा बघा, कारण कापलेला भाग परत येत नाही, म्हणून ज्यात चारही बाजूंना जास्त दिसतंय तो वर ठेवा. मग दुकानाच्या पाटीवर झूम करा, अक्षरांभोवती चौकोनी ठोकळे जितके जास्त तितका तो सेव्ह आणि अपलोड होताना दाबला गेलाय. नुसते पिक्सेल मोजू नका, मला आलेला 2048 रुंदीचा फोटो 1280वाल्यापेक्षा धूसर होता, कुणीतरी ताणून मोठा केलेला. आणि कडांना जास्त दिसणारा धूसर, कापलेला स्वच्छ असं निघालं तर दोघांपैकी कुणीच दुसऱ्यावरून बनलेला नाही, कडांना जास्त दिसणारा आणि स्वच्छ असा तिसरा कुठेतरी आहे, तो शोधा.