मधला ठिपका आधी बघा

गच्चीवरून संध्याकाळी मिराजचा फोटो काढला. त्यावरचं गोल चिन्ह, म्हणजे राउंडेल, बाहेरून लाल, मध्ये पांढरं आणि आत काळपट निळं दिसतंय. विमान फ्रान्सचं होतं का? (मुरार)

बहुधा आपलंच. आपल्या राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मग पांढरा आणि मध्यभागी हिरवा. फ्रान्सच्या राउंडेलमध्ये बाहेर लाल, मग पांढरा आणि मध्यभागी निळा. मावळतीच्या उजेडात केशरी तांबडा दिसतो, हिरवा काळवंडतो आणि दोन्ही जुळी भावंडं होतात. ब्रिटिशांचं तसं होत नाही, कारण त्यांचा लाल आत असतो.

2003 मध्ये ‘गरुड’ सरावासाठी फ्रेंच मिराज ग्वाल्हेरला आली, तेव्हा तर विमानही तेच आणि रंगांची उतरंडही जवळपास तीच. अशा वेळी रंग सोडा, अक्षरं वाचा. आपल्या एकआसनी मिराजच्या क्रमांकाआधी ‘केएफ’ असतं, दोनआसनीवर ‘केटी’. तेव्हाच्या फ्रेंच मिराजवर आधी आकडा, मग छोटी रेघ, मग दोन अक्षरं. तुमचा फोटो मोठा करून ‘के’ सापडतो का बघा. आणि फोटो घरच्या गच्चीवरून काढलात तेवढं पुरे. हवाई तळाच्या भिंतीजवळ कॅमेरा नेऊ नका.

आजोबांच्या अल्बममध्ये युद्धकाळातलं हरिकेन विमान आहे. राउंडेलला दोनच छटा, बाहेर गडद, आत फिकी. लाल ठिपका उडून गेला का? (लष्कर)

उडाला नाही, मुद्दाम काढला. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईत आपल्याच विमानावर गोळी चालू नये म्हणून 1942 नंतर भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांवरून लाल पुसला गेला. बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा किंवा पांढरा उरला. पण एवढ्यावरून विमान भारतीय तुकडीचं म्हणता येत नाही, ब्रिटिश तुकड्यांवरही तेच चिन्ह असे. त्यासाठी तुकडीची अक्षरं किंवा फोटोमागची नोंद लागेल.

एक खोड लक्षात ठेवा: काही जुन्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट. म्हणून कृष्णधवल फोटोत छटेवरून रंग ठरवू नका, आधी वर्तुळं मोजा. तीन असती तर गोष्ट वेगळी होती.

शेपटीवरचे पट्टे एका फोटोत केशरीपासून सुरू होतात, दुसऱ्यात हिरव्यापासून. दोन देश की छपाईची चूक? (हजिरा)

दोन्ही नाही, विमानाच्या दोन बाजू. शेपटीवरचे हे पट्टे, म्हणजे फिन फ्लॅश, झेंड्यासारखा डावीकडून वाचायचा नसतो. केशरी नाकाच्या दिशेला, हिरवा मागे. त्यामुळे उजव्या बाजूने पाहिलं की क्रम उलटा भासतो. आधी नाक कुठे आहे ते बघा. नाकाकडे हिरवा आला, तर फोटो उलटा छापला असावा; क्रमांकाची अक्षरंही आरशातल्यासारखी दिसली की शंका मिटली.