चिंगी गेली त्या रात्रीनंतर

प्रिय बाय,

पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाला दारूकाम सुरू झालं आणि मागचं दार उघडं राहिलं, तिथून तुझी मांजर चिंगी पळाली. आज तिसरा दिवस. तू स्कूटरवरून म्हार्दोळपर्यंत हाका मारत फिरतेस असं कळलं. ते थांबव. घरात वाढलेलं मांजर घाबरून बाहेर पडलं की सहसा लांब जात नाही. सापडेल त्या पहिल्या आडोशात शिरतं आणि गप्प बसतं. तुझी हाक तिला ऐकू येत असली तरी ती उत्तर देणार नाही. आवाज केला तर आपण सापडू, ही तिची उपजत भीती असते. तेव्हा 'हाक मारली, ओ आली नाही, म्हणजे इथे नाही' असा हिशेब करू नकोस.

हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी पाऊणभाग मांजरं पळाल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. एकूण मांजरांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांत मिळाली, वर्षभरात 61 टक्के. उरलेली मिळाली नाहीत, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण तू अजून पहिल्या आठवड्यातच आहेस, आणि माणसांनी स्वतः वाकून शोधण्याचा उपयोग होतो हेही त्याच अभ्यासात दिसलं.

आता चवथीची गोष्ट लक्षात घे. तुमच्या वाड्यावरची वर्षभर बंद असलेली घरं चवथीला उघडतात. माणसं मुंबईहून, वास्कोहून येतात, गणपती पोचवतात आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावून निघून जातात. त्या रात्री तुझ्या मागच्या घराचं दार, कोठी, गाडीची शेड, सगळं उघडं होतं. चिंगी आत शिरली असेल तर सकाळी कोंडली गेली असेल. कोंडलेल्या मांजराला पाण्याविना फार दिवस काढता येत नाहीत, म्हणून आधी बंद जागा, मग रान. किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा राखणदाराकडे असते. 'बघून सांगा' असं म्हणू नकोस, स्वतः आत जा. किल्लीवाला माणूस खोलीच्या मध्ये उभा राहून नजर फिरवतो. तू पलंगाखाली, कपाटामागे, कौलं आणि लाकडी छत यांमधल्या पोकळीत बघ.

बाकीचा शोध रात्री अकरानंतर. कागदावर घराचा आराखडा काढ आणि मागच्या दारापासून पन्नास मीटरचा घेर आख. त्यात येणारी घरं, लाकडांची रास, माडाच्या चुडतांचा ढीग, पंपाची खोली, चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटी, सगळं एकेक करून तपास. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धर, कमरेपाशी नको. तरच मांजराच्या डोळ्यांतली हिरवट चमक उलटून तुझ्यापर्यंत येते. पाऊस असेल तर तो ओसरताच निघ, कारण त्याच वेळी भुकेलं मांजर आडोसा सोडतं.

बांगडा उकडून अंगणात रात्रभर ठेवू नकोस. भटके कुत्रे आणि बोके तिथे गोळा होतात आणि चिंगी आणखी आत सरकते. वाटीभर ठेव, लांब बसून अर्धा तास बघ, मग उचल. तिची शी-शूची मातीची पेटी बाहेर ठेवायला कोणी सांगेल. वासाने परके बोकेही येतात, म्हणून मी तरी सांगणार नाही.

ती दिसली की धावू नकोस. तिच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बस, हळू बोल, मासा पुढे सरकव. झडप घालून निसटली तर ती जागा सोडून जाईल. जवळ येतच नसेल तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून पिंजरा मागून आण. मासा पाय पडायच्या पट्टीच्या पलीकडे ठेव, वर कापड घाल आणि पिंजऱ्यापासून दूर जाऊ नकोस. अडकलेलं मांजर आपटून तोंड फोडून घेतं, शिवाय आपल्याकडे मुंग्या.

पत्रकावर पूर्ण अंगाचा फोटो टाक, पण तिच्या पोटावरचा पांढरा ठिपका दिसू देऊ नकोस. कोणी फोन करून आधी पैसे मागितले तर तो ठिपका कुठे आहे ते विचार. पहिलं पत्रक पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला दे. तो रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक दारात थांबतो.

आठवडा उलटला तर घेर 500 मीटरपर्यंत वाढव आणि शोध चालू ठेव. तीन महिन्यांनंतर जिवंत सापडलेली मांजरं फारच थोडी, तोवर मात्र हात आखडू नकोस.

आणि मिळाली, तर एकदम पोटभर वाढू नकोस. आधी पाणी, मग चमचा-दोन चमचे मासा दर दोन-तीन तासांनी. अनेक दिवस उपाशी राहिली असेल किंवा खायला तोंड लावत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे ने, कारण उपासाने मांजराचं यकृत बिघडतं.

आज संध्याकाळी आधी त्या मागच्या घराची किल्ली मिळव.

तुझी,
मावशी